शब्दाचं वजन: टीएफ-आयडीएफमधलं 'व्यस्त'

प्रश्न: लेख शोधताना शब्दांना वजन देणाऱ्या टीएफ-आयडीएफ या पद्धतीत दुर्मीळ शब्दाला जास्त वजन कसं मिळतं? 'आणि' तर प्रत्येक लेखात ढिगाने येतो, मग त्याची किंमत शून्य का?

सगळी गोम 'व्यस्त' या शब्दात आहे. आयडीएफमधला आय म्हणजे इन्व्हर्स, मराठीत व्यस्त. हिंदीतला 'कामात गुंतलेला' नव्हे, तर शाळेत शिकलेल्या व्यस्त प्रमाणातला. शब्द जितक्या जास्त लेखांत सापडेल तितकं त्याचं वजन कमी. ही कल्पना ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी 1972 साली मांडली. टीएफ म्हणजे तो शब्द एका लेखात किती वेळा आला, आणि टीएफ व आयडीएफ या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वजन.

```
idf = log(N / df)
```

N म्हणजे एकूण लेख आणि df म्हणजे शब्द असलेले लेख. एकाच लेखात शब्द पन्नासदा आला तरी df मध्ये तो एकच धरायचा.

समजा, गोव्यावरचे 1000 लेख आहेत आणि आपण 'गोवा खाजन' असं शोधतोय. खाजन म्हणजे तिथली खाडीकाठची, बांध घातलेली सखल जमीन. 'गोवा' 800 लेखांत आहे, 'खाजन' फक्त 10 लेखांत. दहाच्या पायाचा लॉग घेतला तर 'गोवा'चं आयडीएफ सुमारे 0.1 येतं आणि 'खाजन'चं 2. आता एका पर्यटनलेखात 'गोवा' 20 वेळा आणि 'खाजन' एकदाच आहे: 2 अधिक 2, म्हणजे 4 गुण. दुसरा लेख खाजनाचे बांध आणि मानशी, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणारी दारं, यांवरचा. त्यात 'गोवा' दोनदाच, पण 'खाजन' सहा वेळा: 0.2 अधिक 12, म्हणजे 12.2. आपल्याला हवा तो लेख वर आला. 'आणि' हजारही लेखांत आहे, म्हणून log 1, म्हणजे शून्य. जो शब्द सगळीकडेच आहे, त्यावरून कुठला लेख निवडायचा हे कळणार कसं?

लॉग नसता तर 10 लेखांतल्या शब्दाला 100 आणि एकाच लेखातल्या शब्दाला 1000 वजन मिळालं असतं. लॉगमुळे ते 2 आणि 3 होतं. दुर्मीळ शब्द वरचढ राहतो, पण बाकीच्यांना गिळून टाकत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी, की दुर्मीळपणा शब्दाचा नसतो, संग्रहाचा असतो. हाच 'गोवा' शब्द विदर्भातल्या शेतीवरच्या लेखसंग्रहात टाका, तो लगेच वजनदार होईल.

मराठीत मात्र एक अडचण येते. 'खाजन', 'खाजनात', 'खाजनाची' हे यंत्राला तीन वेगळे शब्द वाटतात, आणि कुणी 'खाजण' लिहिलं की चौथा. प्रत्येकाचा df घटतो, वजन खोटंच फुगतं, आणि 'खाजन' शोधणाऱ्याला 'खाजनात' असलेला लेख दिसतच नाही. म्हणून मोजणीआधी प्रत्यय काढून मूळ रूपावर यावं लागतं. ते नीट झालंय का हे पाहायचं तर शब्द आयडीएफच्या उतरत्या क्रमाने लावा. माथ्यावर विभक्तीची रूपं आणि छपाईच्या चुका गर्दी करून असतील, तर प्रत्यय काढण्याचं काम अर्धवट राहिलंय.