शेवटचा हप्ता भरला, पण स्टेटमेंट वाचलं का? तुमचे प्रश्न

लोन बंद करण्याच्या टेबलावर बरीच वर्षं काढली आणि अजूनही तेच ते मेसेज येतात, म्हणून एकदाच सगळ्यांना उत्तरं देतोय.

प्रश्न: शेवटचा ईएमआय खात्यातून कट झाला, एसएमएस पण आला. म्हणजे लोन बंद झालं ना सर?

नाही. पैसे मिळाले एवढंच तो एसएमएस सांगतो, खातं बंद झाल्याचं बँकेने लेखी दिलं की मगच बंद.

प्रश्न: कार लोनचे ६० पैकी ६० हप्ते भरले, अॅपवर पण तसंच दिसतंय. तरी क्लोजर स्टेटमेंटमध्ये २,०६३ रुपये बाकी आहेत. भरून टाकू का? मित्र म्हणतो दुर्लक्ष कर, एवढ्याशा रकमेसाठी कोण मागे लागतं.

मित्राचं अजिबात ऐकू नका. या असल्या सल्ल्यामुळे लोकांची एनओसी अडकते, आणि दोन वर्षांनी गाडी विकायला काढली की तेव्हा कळतं की आरसीवर अजून बँकेचा बोजा आहे. पण डोळे मिटून भरूही नका, आधी ही रक्कम कशाची आहे ते बघा.

अॅप फक्त हप्ते मोजतं. मुद्दल आणि व्याज एका हिशोबात असतं आणि बाउन्स चार्ज, दंड वगैरे बहुतेक ठिकाणी वेगळ्या रकान्यात पडून राहतात, दर महिन्याच्या हप्त्यातून ते वसूल होत नाहीत म्हणून वर्षानुवर्षं तुम्हाला दिसतच नाहीत आणि शेवटी क्लोजरला एकदम समोर येतात. तुम्ही स्टेटमेंट पाठवलंत ते बरं केलंत, ते ओळीने बघू.

तुमचा हप्ता १४,३५० चा, तारीख ५. एका मार्चमध्ये ५ तारखेला मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, बाउन्स झालं, चार्ज ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९०. ९ तारखेला तुम्ही यूपीआयने पूर्ण हप्ता भरलात. इथेच गडबड झालीय. ते पैसे बँकेत आले पण त्या हप्त्याला लागले नाहीत, 'अनअॅलोकेटेड' म्हणून बाजूला पडून राहिले आणि ५ एप्रिलला जमा धरले गेले. सिस्टीमला वाटलं हप्ता थकलाय, म्हणून १२ तारखेला मँडेट परत टाकलं, खात्यात पैसे नव्हते, परत बाउन्स, परत ५९०. मग १४ तारखेला वसुलीवाल्याच्या भेटीचे ५९०. आणि दंड ३१ दिवसांचा, २९३ रुपये. झाले २,०६३.

आता यातलं खरं देणं किती? पहिला बाउन्स तुमचाच, ते ५९० द्यावेच लागतील. दंडाचा दर मंजुरीपत्रात थकलेल्या हप्त्यावर वर्षाला २४ टक्के आहे, म्हणजे दिवसाला साधारण ९ रुपये ४४ पैसे, आणि तुमचा उशीर ४ दिवसांचा, म्हणून ३८ रुपये. एकूण ६२८. उरलेले १,४३५ बँकेने पैसे वेळेत न लावल्यामुळे लागलेत.

तेव्हा बँकेला ईमेल करा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि ९ तारखेची नोंद जोडा, प्रत्येक चार्जची तारीख आणि कारण मागा, आणि १,४३५ 'रिव्हर्स' करा असं स्पष्ट लिहा. हा शब्द मी मुद्दाम सांगतोय. फोनवर कुणी म्हणेल 'अर्धे भरा, सेटल करून टाकतो', तर हो म्हणू नका!! सेटलमेंट म्हणजे पूर्ण देणं न देता तडजोड केली असा अर्थ, आणि क्रेडिट रिपोर्टवर 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' आलं की पुढच्या लोनला ते नडतं. हजार दीड हजारासाठी लोकांनी स्वतःचा रिपोर्ट खराब करून घेतलेला मी बघितलाय आणि दरवेळी जीव हळहळतो. गाडीचं गिऱ्हाईक उभं असेल, थांबणं शक्यच नसेल तर 'आक्षेप ठेवून भरतोय' असं लेखी कळवून पूर्ण भरा आणि नंतर मागत बसा. आकड्यांबद्दल शंका असेल तर एखाद्या सीएला स्टेटमेंट दाखवा.

प्रश्न: एजंट म्हणतो एनओसी लवकर हवी तर वरचे दोन हजार लागतील.

एक रुपया देऊ नका, थेट शाखेत जा. काही शुल्क असलंच तर ते बँकेच्या छापील दरपत्रकात असतं आणि त्याची पावती मिळते. गाडीच्या एनओसीवर सहसा मुदत असते, बऱ्याचदा तीन महिने, त्यामुळे एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आला की आरटीओचं काम लांबवू नका.

प्रश्न: होम लोन १८० हप्त्यांचं होतं, तेवढे भरून झाले, आता बँक म्हणते अजून १४ बाकी. फसवणूक आहे का?

फ्लोटिंग रेट असेल तर बहुतेक फसवणूक नाही. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, त्याबरोबर लोनचे दरही वाढले, तेव्हा कित्येक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. तुमच्याकडचं वेळापत्रक पहिल्या दिवसाचं आहे. नवीन वेळापत्रक आणि दर कधी कधी बदलला त्याची यादी मागा, आणि पटलं नाही तर ती घेऊन जाणकाराकडे जा.

प्रश्न: नो ड्यूज सर्टिफिकेट मिळून ४० दिवस झाले, घराची मूळ कागदपत्रं अजून नाहीत. शाखेत 'हेड ऑफिसला आहेत, येतील' एवढंच सांगतात.

'येतील' हे उत्तर चालत नाही. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत सगळी मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बोजाच्या नोंदी पण काढायच्या, आणि उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. दिवस फेडीच्या तारखेपासून मोजायचे, सर्टिफिकेटच्या नाही, म्हणून स्टेटमेंटमध्ये बाकी शून्य झाल्याची तारीख बघा. कागदच हरवला असेल तर डुप्लिकेट काढून देण्यात मदत आणि खर्च बँकेचा, त्यासाठी त्यांना आणखी ३० दिवस मिळतात. आजच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे जा. कागद मिळतील तेव्हा लोन घेताना मिळालेल्या यादीशी एकेक जुळवूनच सही करा. सातबारावर इतर हक्कात बोजा असेल तर तो उतरल्याचा नवा उतारा काढा, आणि गहाणखत रजिस्टर केलेलं असेल तर वकिलाला विचारूनच पुढे जा.

प्रश्न: सर्टिफिकेटवर लोन नंबरचा एक आकडा चुकलाय, चालेल का?

नाही चालणार, बदलून घ्या. टॉप-अप घेतलं असेल तर त्याचा नंबर वेगळा असतो, त्याचं सर्टिफिकेट वेगळं मागा.

प्रश्न: महिना दीड महिना झाला, क्रेडिट रिपोर्टमध्ये लोन अजून 'अॅक्टिव्ह' दिसतंय.

बँक आणि क्रेडिट ब्युरो दोघांकडे दुरुस्तीची तक्रार टाका, नो ड्यूज जोडून. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. आणि रिपोर्ट आला की थकबाकीचा रकाना पण बघा, तिथे शून्यच हवं, काही आकडा असेल तर तो घेऊन परत शाखेत जा.