आठ ते बारा

प्रिय बाळा,

तुझी आई परवा भांडुप स्टेशनवर भेटली. नाईटवरून येऊन तू झोपला होतास, साडेअकराला मिक्सर लागला आणि तू तिच्यावर खेकसलास, एवढंच तिने सांगितलं. तक्रारीचा सूर नव्हता, पण डोळे भरून आले होते. मी बावीस वर्षं एक्स-रे विभागात रात्रपाळी केली. म्हणून हे लिहितोय.

आधी मिक्सरचं. त्या दिवशी तुला मिक्सरने उठवलं असं तुला वाटतंय, पण तू तेव्हा तसाही जागा व्हायच्या बेतात होतास. आपल्या मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं. पहाटे चार-पाचच्या सुमारास शरीराचं तापमान सगळ्यात खाली जातं, मग दिवसभर चढत राहतं. ते चढत असतानाच तू आठ वाजता अंथरुणाला पाठ टेकतोस. रात्रभराच्या थकव्याने झोप लागते खरी, पण चार-पाच तासांत थकव्याचा जोर ओसरतो, शरीराचा दिवस वर आलेला असतो आणि झोप पातळ होते. अशा वेळी भांड्याचा आवाजही पुरतो. घरात चिटपाखरू नसलं तरी बहुतेकांची दिवसाची झोप रात्रीपेक्षा तोकडीच पडते. मला हे कळायला फार उशीर झाला. तोवर माझी मुलगी, तेव्हा सहा वर्षांची, शाळेतून आली की चपला हातात घेऊन, भिंतीला चिकटून आत यायची.

तिला तसं येताना पाहिलं त्या दिवशी मी वही घातली. चौदा दिवस लिहिलं: कधी आडवा झालो, कधी डोळा लागला, कधी उठलो, कशाने उठलो. सरासरी निघाली चार तास वीस मिनिटं, तीही तीन तुकड्यांत. चिडचिडीचे दिवस वेगळ्या शाईने लिहिले होते. झोप चार तासांच्या खाली गेली, की त्याच संध्याकाळी भांडण. एकदाही चुकलं नाही.

मग बायकोशी बसून ठरवलं की आठ ते बारा माझे. बेल बंद, फोन बंद, कुकर-मिक्सर आठच्या आत किंवा बारानंतर. खिडकीला जाड काळं कापड, पंखा मोठा, म्हणजे गल्लीतला भंगारवाला ऐकू येत नाही. आणि बारा वाजले की घर घरच्यांचं. मी लोळत असलो तरी कुणी दबकून वावरायचं नाही. ही दुसरी बाजू विसरू नकोस. एका खोलीत आठ तास शांतता मागितलीस तर कुणालाच झेपणार नाही, चार तास झेपतात.

उरलेली झोप संध्याकाळी भरून काढायची. तुझी पाळी रात्री दहाची, पावणेनऊला निघतोस. साडेसहा ते आठ झोप. उठल्यावर वीसेक मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात पैशांचा किंवा लग्नाचा विषय कुणी काढायचा नाही, हेही घरात सांगून ठेव.

सुटीचा घोळ मात्र सगळेच घालतात. सुटी मिळाली की रात्री दहाला झोपायचं, सकाळी सहाला उठायचं, आणि पुढच्या नाईटला शरीर पुन्हा पहिल्या पायरीवर. सुटीच्या रात्रीही दोन-तीनपर्यंत जाग आणि अकरापर्यंत झोप. म्हणजे आठ ते अकरा हे तास आठवड्याचे सातही दिवस झोपेचेच राहतात आणि घड्याळाला धरायला खुंटी मिळते. दुपारचं जेवण, संध्याकाळ सगळ्यांबरोबर. सकाळचं लग्नकार्य असेल तर जा, पण दर आठवड्याला नको.

शेवटचा चहा रात्री दोनच्या आत. चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात. चारला कटिंग घेतलास तर ते आठला तुझ्याबरोबर अंथरुणात येतं. सकाळी मरोळ नाक्याहून घाटकोपरला मेट्रोने येताना ऊन समोरून येतं. ते डोळ्यांत गेलं की मेंदू दिवस सुरू झाला असं धरतो, तेव्हा काळा चष्मा लाव. बाइकने मात्र येऊ नकोस. नाईटनंतर सिग्नलला डोळा लागलेले दोघे मी स्वतः एक्स-रेच्या टेबलावर घेतलेत.

झोपेसाठी दारू नको, तिने लवकर डोळा लागतो पण पुढची झोप मोडते. गोळीही स्वतःच्या मनाने नको. एवढं करून महिनाभरात वहीतले आकडे हलले नाहीत, किंवा तू मोठ्याने घोरतोस आणि मध्येच श्वास अडकतो असं घरचे म्हणाले, तर वही घेऊन डॉक्टरकडे जा. काहींच्या शरीराला रात्रपाळी मानवतच नाही. मग पाळी बदलून मागायची, त्यात कमीपणा नाही.

आजपासून वही घाल. आणि आईला मिक्सरचं कारण तूच सांग, माझ्याकडून नको.

तुझा,
काका