११.२ टक्के परतावा, आणि त्यातले सहा-सात सामने

प्रश्न: प्रीमियर लीगच्या पाच हंगामांच्या १,९०० सामन्यांवर मी एक मॉडेल तपासलं. शेवटच्या आठ सामन्यांचा फॉर्म घ्यायचा, पाहुण्या संघाचा भाव ३ ते ४ च्या दरम्यान हवा, आणि मॉडेलच्या मते त्या भावात किमान ६ टक्के फायदा दिसायला हवा. अशा २१४ पैजा निघाल्या, ७० जिंकल्या, सरासरी भाव ३.४०. नफा २४ युनिट, म्हणजे ११.२ टक्के. ओव्हरफिटिंग, म्हणजे जुन्या निकालांतला योगायोगच मॉडेलने पाठ करणं, नको म्हणून सामने मिसळून ७०:३० विभागणी केली होती, दोन्ही भागांत नफा आहे. सहा महिन्यांच्या पगाराएवढी बचत यात घालू का? प्रत्येक पैजेला त्यातले २ टक्के लावायचा विचार आहे.

उत्तर: नका घालू. तुमची फाइल नीट पाहिली. बेरीज-वजाबाकीत चूक नाही, पण ११.२ हा आकडा ज्या वाटेने आला ती वाट खरी नाही. ओव्हरफिटिंगकडे वळण्याआधी एक रकाना बघू.

हिशेबासाठी तुम्ही ‘कमाल भाव’ हा रकाना घेतला आहे. अनेक बुकींपैकी ज्याने सर्वांत जास्त भाव दिला, त्याचा तो आकडा. तो भाव कधी पाच मिनिटं टिकलेला असतो, कधी त्यावर अगदी किरकोळ रक्कमच घेतली जाते, आणि तेवढे सगळे बुकी तुमच्या हाताशी असतात असंही नाही. शेजारीच ‘सरासरी भाव’ आहे. त्याच २१४ पैजांचा त्या रकान्यातला सरासरी भाव ३.२० निघतो. पैज एका युनिटाची आणि जिंकली की भावाएवढी युनिटं परत, म्हणून ७० गुणिले ३.२० म्हणजे २२४. त्यातून २१४ वजा केले की उरले १० युनिट. मॉडेलला हातही न लावता परतावा ४.७ टक्क्यांवर आला.

आता या १० युनिटांत नशिबाचा वाटा किती ते पाहू. फाइलमधला एक नमुन्याचा सामना: यजमान २.२५, बरोबरी ३.४०, पाहुणे ३.२०. प्रत्येक भावाने १ ला भागून बेरीज केली की ०.४४४ + ०.२९४ + ०.३१३ म्हणजे १.०५१ येते. एकाच्या वरचे ५.१ टक्के हा बुकीचा गाळा. तो काढून टाकला की पाहुणे जिंकण्याची बाजाराच्या मते खरी शक्यता २९.७ टक्के उरते. म्हणजे मॉडेलला काडीचीही अक्कल नसती, तरी २१४ पैकी साधारण ६४ पैजा जिंकल्याच असत्या. तुम्ही जिंकल्या ७०. पाच वर्षांची सगळी कमाई या सहा-सात सामन्यांवर उभी आहे.

इतक्या पैजांत जिंकलेल्यांचा आकडा नुसत्या नशिबाने सहा-सातने वरखाली होणं अगदी नेहमीचं आहे (प्रमाण विचलन ६.७ येतं). ७० किंवा त्याहून जास्त पैजा केवळ योगायोगाने जिंकण्याची शक्यता सुमारे १८ टक्के, म्हणजे साडेपाच वेळांत एकदा. अर्थात हे तुम्ही एकच नियम आधी ठरवून एकदाच तपासला असता तर. तसं झालेलं नाही, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

तुमच्या फाइलमध्ये फॉर्मसाठी ५, ८ आणि १० सामन्यांच्या तीन खिडक्या आहेत. फायद्याच्या मर्यादा चार आहेत: २, ४, ६ आणि ८ टक्के. भावांचे पट्टे पाच, आणि यजमान, पाहुणे किंवा दोन्ही असे तीन पर्याय. गुणाकार केला तर १८० नियम होतात. त्यांतला सर्वांत चांगला तुम्ही मला पाठवलात. हे १८० एकमेकांत बरेच मिसळलेले आहेत, म्हणून स्वतंत्र म्हणावेत असे फक्त २० धरू. प्रत्येकाला १८ टक्के शक्यता असेल तर वीसपैकी एकालाही असा निकाल न मिळण्याची शक्यता ०.८२ चा विसावा घात, म्हणजे जेमतेम २ टक्के. थोडक्यात, मॉडेल पूर्ण पोकळ असतं तरी असा एखादा ‘जिंकणारा’ नियम तुम्हाला जवळपास नक्कीच सापडला असता.

माझ्या ‘वीस धरू’वर विसंबू नका, ही तपासणी तुमच्याच आकड्यांवर करता येते. भाव जसेच्या तसे ठेवायचे, प्रत्येक नियमाने निवडलेले सामनेही तेच ठेवायचे, फक्त निकाल बाजाराच्या शक्यतेप्रमाणे सोडत काढून ठरवायचे. मग १८०च्या १८० नियम चालवून सर्वोत्तम परतावा टिपायचा. असं हजार वेळा.

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng()
p = 1 / odds
p = p / p.sum(axis=1, keepdims=True)
best = []
for k in range(1000):
    u = rng.random((len(p), 1))
    result = (u > p.cumsum(axis=1)).sum(axis=1)
    best.append(max(roi(v, odds, result) for v in rules))
```

इथे `odds` म्हणजे प्रत्येक सामन्याचे तीन सरासरी भाव, `rules` म्हणजे तुमचे १८० नियम, आणि `roi` हे परतावा काढणारं तुमचंच फंक्शन. नियमांपैकी एखाद्याने फक्त दहा-बारा पैजा लावल्या असतील तर त्याचा परतावा उगाच आभाळाला भिडतो, म्हणून किमान १०० पैजांची अट ठेवा आणि खऱ्या फाइललाही तीच अट लावा. हजार सर्वोत्तम आकडे उतरत्या क्रमाने लावले की तुमचा खरा ४.७ कुठे बसतो ते दिसेल. पहिल्या पन्नासांत, म्हणजे वरच्या ५ टक्क्यांत बसला तर पुढे बोलू. मधे कुठेतरी बसला तर तुम्ही मॉडेल तपासलेलं नाही, सोडतीतलं सर्वांत नशीबवान तिकीट उचललं आहे.

आणखी एक खूण तुमच्याच फाइलमध्ये आहे. ६ टक्के मर्यादेला २४ युनिट नफा, पण बाकी सगळं तेच ठेवून ४ टक्क्यांना ३ युनिट आणि ८ टक्क्यांना ९ युनिट तोटा (हे तिन्ही कमाल भावावर). खरा फायदा असेल तर तो शेजारच्या आकड्यांतही थोडाफार झिरपतो. आठ सामन्यांच्या फॉर्ममध्ये जे कळतं ते दहा सामन्यांत एकदम नाहीसं व्हायला फुटबॉलमध्ये काहीच कारण नाही. सपाट माळावर एकच सुळका दिसला की तो गोंगाटाचा, म्हणजे निव्वळ योगायोगाचा समजावा.

७०:३० विभागणीबद्दल. सामने मिसळले की मार्चचा सामना शिकण्याच्या भागात जातो आणि त्याच हंगामातला फेब्रुवारीचा सामना चाचणीत. एखादा संघ त्या वर्षी किती भारी निघाला हे मॉडेलला मार्चमधून आधीच कळलेलं असतं आणि फेब्रुवारीचं भाकीत ते त्या जोरावर करतं. पैज लावताना मात्र पुढचा मार्च कुणालाच ठाऊक नसतो. विभागणी तारखेनेच हवी: पहिल्या तीन हंगामांवर मॉडेल बसवा, चौथ्यावर नियम निवडा, आणि पाचवा एकदाच उघडा. ‘सरासरी गोल’ या रकान्यातही हीच गळती आहे. तो पूर्ण हंगामाची सरासरी धरतो, अगदी ऑगस्टच्या सामन्यालाही. प्रत्येक सामन्यासाठी फक्त आदल्या दिवसापर्यंतचे आकडे घेऊन तो पुन्हा काढावा लागेल.

अडचण अशी की तुमचा पाचवा हंगाम आता उघडलेलाच आहे. ३० टक्क्यांच्या भागात नफा दिसेपर्यंत तुम्ही नियम बदलत राहिलात, म्हणजे चाचणीचा भागही शिकण्यातच खर्ची पडला. न वापरलेला डेटा म्हणाल तर आता फक्त पुढचे सामने.

मग पुढचा एक हंगाम थोड्या पैशांनी खेळून बघू, असं मनात येईल. त्याने काहीच कळणार नाही. तुमचा नियम हंगामाला साधारण ४३ पैजा काढतो. ३.२० भावाच्या एका पैजेच्या निकालात चढउतार दीड युनिटाचा असतो. खरोखर ५ टक्क्यांचा फायदा असला, तरी तो शून्यापासून ठामपणे वेगळा दिसायला सुमारे ३,६०० पैजा लागतात. ४३च्या वेगाने चौऱ्याऐंशी वर्षं. (आयपीएलच्या २०२५च्या हंगामात तर सामनेच ७४ होते. क्रिकेटचं मॉडेल केलंत तर तिथे ही चणचण आणखी जाणवेल.) उलट बाजूही लक्षात घ्या: फायदा नसून ५ टक्क्यांचा तोटाच असला, तरी पहिला हंगाम नफ्यात संपण्याची शक्यता दहात चार आहे. माणूस रक्कम वाढवतो ती याच हंगामानंतर.

म्हणून निकालाकडे बघू नका, भावाकडे बघा. सामना सुरू होण्याच्या क्षणी जो अंतिम भाव असतो त्यात दुखापती, संघनिवड आणि मोठे पैसे सगळं आलेलं असतं. मोठ्या लीगमध्ये खऱ्या शक्यतेचा त्याहून चांगला अंदाज सहसा हाती लागत नाही. मॉडेलने सामना सुचवला की त्या वेळी प्रत्यक्ष मिळणारा भाव लिहून ठेवा, पैसे लावू नका, आणि मग अंतिम भाव लिहा. समजा तुम्ही ३.२० टिपलात आणि शेवटी भाव २.३५, ३.४० आणि ३.०५ झाले. ३.२० चे ३.०५ झाले म्हणून खूश व्हायचं कारण नाही, कारण आधी गाळा काढायला हवा. तिन्हींच्या व्यस्तांची बेरीज १.०४७५ येते. तिने ३.०५ ला गुणलं की गाळ्याविना भाव ३.१९५. तुमचा फायदा ०.२ टक्के, म्हणजे जेमतेम बरोबरी. सामना जिंकला की हरला हे या हिशेबात येतच नाही, त्यामुळे गोंगाट खूप कमी होतो. पैजागणिक हा फरक समजा ६ टक्क्यांनी वरखाली होत असेल, तर १०० नोंदींच्या सरासरीतली चूक ०.६ टक्क्यांवर येते. जे पैशांतून चौऱ्याऐंशी वर्षांत कळलं असतं त्याचा बराचसा अंदाज अडीच हंगामांत येतो.

बचतीचं म्हणाल तर सहा महिन्यांचा पगार हा तुमचा अडीअडचणीचा निधी दिसतो. तो जिथे आहे तिथेच राहू द्या, या हिशेबात धरूच नका. प्रत्येक पैजेला २ टक्के हा आकडाही ४.७ टक्के परतावा खरा मानला तरच बसतो: ०.०४७ भागिले २.२, म्हणजे भाव वजा एक, केलं की २.१ टक्के येतात, हे फायद्यावरून पैजेची रक्कम ठरवणाऱ्या केली सूत्राचं उत्तर. फायदा शून्य किंवा उणे असेल तर तेच सूत्र शून्य रक्कम सांगतं. आणि ३० टक्के वेळा जिंकणाऱ्या नियमात २१४ पैजांच्या ओघात सलग अकरा-बारा हरणं नेहमीचंच आहे.

आजच एक कागद करा. खिडकी, मर्यादा, भावाचा पट्टा आणि कुठल्या बुकीचा किती वाजताचा भाव, हे सगळं लिहून तारीख टाका. १०० नोंदी होईपर्यंत त्यात बदल नाही, बदल केलात तर मोजणी पुन्हा एकपासून. शंभराव्या नोंदीला गाळा काढलेली सरासरी १.२ टक्क्यांच्या खाली असेल तर फाइल बंद करा. वर असेल, आणि पैज लावणं तुमच्या देशात कायदेशीर असेल, तर त्याच सरासरीवरून केलीची रक्कम काढा, तिचा एक चतुर्थांश घ्या, आणि गेले तरी घरखर्चात कुणाला जाणवणार नाहीत एवढेच पैसे वेगळे ठेवून त्यांवर ती लावा.