नाशिकहून मुंबईत दोन दिवस गॅलऱ्या बघायच्या, पण डोकं बधिर होऊ द्यायचं नाही

प्रश्न: नाशिकरोडहून मुंबईला दोन दिवसांसाठी जाणार आहोत, फक्त चित्रं आणि गॅलऱ्या बघायला. पण दर वेळी म्युझियममध्ये दोन तासांनी पाय दुखतात आणि काहीच डोक्यात शिरत नाही. कसं प्लॅन करू?

उत्तर:

सगळ्यात आधी वार ठरवा, शुक्रवार-शनिवार. काळा घोड्याची एनजीएमए, म्हणजे नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट, सोमवारी बंद असते आणि फोर्ट-कुलाब्यातल्या खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद असतात, त्यामुळे रविवार-सोमवार धरून गेलात तर अर्धी मजा जाते.

आता थकव्याचं. हे फक्त पायांचं दुखणं नाही. बोस्टनच्या म्युझियममधल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ साली यावर लेख लिहिला होता, त्यांनी एका माणसाला कपाटातल्या वस्तू बघायला लावून त्याचे फोटो काढले आणि तो किती वाकतो, मान किती ताणतो, गुडघ्यावर किती येतो ते दाखवलं. म्हणजे मांडणीच माणसाला दमवते. आणि दुसरं कारण संख्या. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधला २००१ चा एक अभ्यास आहे, त्यात लोक एका चित्रासमोर सरासरी २७ सेकंद थांबले, आणि निम्म्या वेळा तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले. एवढ्यात डोळा फक्त 'हे बघितलं' अशी खूण करतो, आणि अशा शंभर खुणा केल्या की डोकं बंद होणारच. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे, दिवसाला एकच जड जागा आणि तिथे मोजकी चित्रं, बाकी सगळं हलकं.

शुक्रवारी सकाळची पंचवटी पकडा, अकराच्या आसपास सीएसएमटीला उतरता. (वेळ आदल्या दिवशी बघून घ्या.) चार तास बसून आलेलं अंग असतं, लगेच मोठ्या म्युझियमात घुसू नका. स्टेशनसमोर पंचम पुरीवाल्याकडे पुरी-भाजी खा, सामान हॉटेलवर टाका, मग डी. एन. रोडच्या कमानींखालून चालत निघा. वाटेत क्वीन्स मॅन्शनमध्ये केमोल्ड प्रेस्कॉट रोड गॅलरी आहे. प्रवेश फुकट, एका वेळी बहुतेक एकाच चित्रकाराचं काम लागलेलं, गर्दी नसते. पाऊण तास खूप झाला. खासगी गॅलरीत आत जायला लोकांना संकोच वाटतो, पण विकत घ्यायचं नसलं तरी कोणी काही म्हणत नाही, प्रदर्शनाची माहिती असलेला कागद मागा, देतात.

मग हुतात्मा चौकातून काळा घोड्याला, जेवण, आणि साडेतीन-चारला एनजीएमए. ही इमारत म्हणजे १९११ चा सर कावसजी जहांगीर हॉल, १९९६ पासून आत आधुनिक कलेची गॅलरी आहे. अर्धगोल मजले एकावर एक आणि वर घुमट, त्यामुळे लोक खालून बघत बघत वर चढतात आणि घुमटापर्यंत पोचेपर्यंत संपलेले असतात. तुम्ही उलट करा, आधी न थांबता शेवटच्या मजल्यापर्यंत जा, चढताना फक्त नजर फिरवा आणि कुठली चित्रं ओढतात ते मनात ठेवा, मग उतरताना त्या पाच-सहा चित्रांसमोरच थांबा. चढ संपलेला असतो आणि निवडही झालेली असते, तासाभरात छान होतं. तिथे प्रदर्शनं बदलत राहतात, त्यामुळे निघायच्या आधी फोन करून सध्या काय लागलंय ते विचारा. संध्याकाळी आणखी काही घुसडू नका.

शनिवार सकाळ खरी महत्त्वाची. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं, तेव्हाच दारात असा. इथे सगळ्यांचा गोंधळ होतो कारण तळमजल्यावर शिल्पं दिसली की माणूस तिथेच सुरू होतो, आणि लघुचित्रांच्या दालनात पोचेपर्यंत दीड तास झालेला असतो. तुम्ही चित्रांसाठी चाललाय ना, मग थेट लघुचित्रांकडे जा, ताजं डोकं तिथेच लागतं. याचं कारण समजून घ्या, ही चित्रं भिंतीवर लावायला काढलेलीच नव्हती, पोथीत किंवा सुटी, हातात धरून बसून बघायची होती. आता ती काचेमागे आहेत, रंग उडू नयेत म्हणून उजेड मंद ठेवतात, म्हणजे गिलमननं सांगितलेलं वाकणं आणि डोळे ताणणं दोन्ही एकाच जागी. जवळचा चष्मा असेल तर विसरू नका, आणि काचेत दिव्याचं प्रतिबिंब येतं तेव्हा थोडं एका बाजूला सरकून बघा.

तिथे सहा-सात चित्रं निवडा, जास्त नको. एका चित्राला चार-पाच मिनिटं द्या. म्हणजे कसं, समजा राजस्थानी शैलीतलं अभिसारिकेचं चित्र आहे, पावसाळी रात्र आणि नायिका प्रियकराला भेटायला निघालीये. पहिलं मिनिट पाटी न वाचता नुसतं बघा, कोण कुठे निघालंय. मग कडा बघा, हाशिया, पायाशी साप, ढगात सोनेरी रेघेची वीज, कारण चित्रकारानं रात्र नुसत्या काळ्या रंगानं नाही तर अशा गोष्टींनी सांगितलेली असते. मग पाटी, आणि पाटी वाचल्यावर परत एकदा चित्र. अशी सहा झाली की अर्धा-पाऊण तास गेला, आता बाहेर या. हो, शिल्पं सोडून. बाहेर बागेत अर्धा तास बसा, पाणी प्या, त्यानंतर हुरूप असला तरच आत जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे, आधुनिक भारतीय चित्रांचं, ते बघा. हुरूप नसला तर सोडा, पुढच्या खेपेला आहेच.

दमलोय हे पायांच्या आधी डोळ्यांवरून कळतं. चित्राआधी पाटी वाचायला लागलात, बघण्याऐवजी मोबाईलमध्ये फोटो काढत सुटलात, किंवा दालनाच्या मधोमध सरळ चालत दुसऱ्या दाराशी आलात की थांबायची वेळ झाली. बाकावर पाच मिनिटं टेकून उपयोग होत नाही, कारण समोर परत चित्रंच असतात, उघड्यावर जावं लागतं.

जेवून शेजारीच जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ पासूनची, प्रवेश फुकट, प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात म्हणून शनिवारी सगळं नीट लागलेलं असतं. दुपारी इथेच यायला सांगतोय कारण चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेले असतात, आणि बोलण्यानं दमलेलं डोकं परत जागं होतं, नुसतं बघण्यानं होत नाही. आपल्या नाशिककरांना जलरंग जवळचे, चित्रकार शिवाजी तुपेंची गोदाघाटाची चित्रं डोळ्यांसमोर असतात, तर जलरंगवाला कोणी दिसला की विचारा पांढरा कागद कुठे राखलाय आणि ओल्यावर ओलं काम कुठे केलंय, मनापासून सांगतात. बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात, तिथे वीस मिनिटं काढा. मग संध्याकाळची पंचवटी सव्वासहाच्या आसपास सुटते, पावणेसहाला स्टेशनवर पोचा.

भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम या दोन दिवसांत बसवू नका, सुंदर आहे पण दिशा वेगळी आणि एक जड जागा वाढते. ते वेगळ्या एका दिवसासाठी ठेवा, फक्त बुधवारी जाऊ नका, बंद असतं.