बांधावरून पंचनामा लिहू नका

प्रश्न: कृषी अधिकारी म्हणून निवृत्त होताना तुम्ही ज्युनिअर सहकाऱ्यांना निरोपाच्या भाषणात काय सांगितलं?

मी त्यांना माझा चुकलेला पंचनामा सांगितला. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याची तक्रार आली, सोयाबीन उगवलं नाही. मी बांधावर उभं राहून लिहिलं, "पेर खोल गेली." तो कळवळून सांगत होता, "साहेब, एकदा उकरून तर बघा." मी बघितलं नाही.

चार दिवसांनी आमचे वरिष्ठ आले आणि चपला काढून थेट वावरात शिरले. खुरप्याने पेरणीच्या एका ओळीतली मीटरभर माती त्यांनी अलगद बाजूला केली. मीटरमध्ये साधारण वीस दाणे पडतात, म्हणजे सत्तर टक्के उगवणीच्या बियाण्याची चौदा रोपं तरी दिसायला हवीत. तिथे पाच होती. बाकीचे दाणे जेमतेम तीन सेंटिमीटरवर फुगून, डाळ सुटून कुजले होते. शेजारच्या पट्ट्यात त्याच दिवशी, त्याच तिफणीने, पण दुसऱ्या लॉटचं बियाणं पेरलेलं होतं आणि ते छान वर आलं होतं. पोत्यात उरलेले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले, तर चोपन्नलाच चांगले कोंब आले. पंचनामा नव्याने लिहावा लागला. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची मला लाज वाटत होती.

म्हणून पोरांना म्हटलं, आधी उकरा, मग लिहा. पेर खोल गेली असेल किंवा वर पपडी धरली असेल, तर कोंब मातीखाली वाकलेला, लांबलेला, कधी मान मोडलेला सापडतो. दाणाच सापडत नसेल तर तिफणीचं नळकांडं तुंबलं होतं का, पाखरांनी उकरून खाल्लं का, ते बघा. दाणा योग्य खोलीवर आहे आणि तरी कुजलाय, तर बियाण्यावर संशय घ्या. पण पाणी साचूनही दाणा कुजतो, म्हणून एकाच जागी उकरून भागत नाही. उंचवट्यावर आणि सखल भागात, दोन्हीकडे बघा. उरलेलं पोतं घरात ओल धरून बसलेलं असू शकतं, तेव्हा नुसत्या गोणपाटाच्या चाचणीवरही विसंबू नका. त्याच लॉटचं बियाणं आणखी कुणी पेरलंय ते शोधून त्याचंही वावर बघा.

आणि उशीर करू नका. सोयाबीन पाच-सात दिवसांत वर येतं. पंधरवड्याने गेलात तर कुजलेला दाणा मातीत शोधूनही सापडत नाही.

भाषणानंतर एका नव्या सहायकाने विचारलं, "सर, आपण पोचायच्या आत शेतकऱ्याने दुबार पेरणी केली तर?" मी म्हटलं, त्याला थांबवू नका, त्याचा वाफसा निघून जाईल. तक्रारीचा फोन येईल त्याच क्षणी सांगा: पेरणीच्या पाच-सहा ओळी न मोडता राखा, पोतं, टॅग आणि बिल जपून ठेवा, मी उद्या सकाळी येतो.