गरम पाणी, थंड पाणी आणि मधलं तापमान

प्रश्न: सर, 80°C चं 200 ग्रॅम पाणी 30°C च्या 300 ग्रॅम पाण्यात मिसळलं. ग्रॅमचे किलोग्रॅम करायलाच हवेत का? माझं उत्तर 79.9°C आलं.

79.9 हा आकडाच चूक कुठे झाली ते सांगतो. तू 200 ग्रॅममध्येच ठेवलेस आणि 300 चे मात्र 0.3 किलोग्रॅम केलेस. मग थंड पाणी चमचाभरही उरलं नाही, म्हणून तापमान 80 ला चिकटून बसलं. थंड पाणी जास्त आहे, तेव्हा उत्तर 30 आणि 80 च्या मध्यापेक्षा, म्हणजे 55 पेक्षा खालीच यायला हवं. एवढा अंदाज आधी समासात लिहून ठेव.

गरम पाण्याने गमावलेली उष्णता = थंड पाण्याने ग्रहण केलेली उष्णता:

200 × 1 × (80 − T) = 300 × 1 × (T − 30)
25000 = 500 T, म्हणून T = 50°C

दोन्हीकडे पाणीच असल्यामुळे विशिष्ट उष्माधारकता कटून जाते. म्हणून दोन्ही ग्रॅम किंवा दोन्ही किलोग्रॅम, काहीही चालेल.

प्रश्न: मग किती उष्णता गेली ते काढताना माझं उत्तर हजारपट का येतं?

इथे काहीच कटत नाही, म्हणून जोडी नीट जुळवावी लागते. ग्रॅमबरोबर 1 कॅलरी/ग्रॅम °C घेतलं तर 200 × 1 × 30 = 6000 कॅलरी. किलोग्रॅमबरोबर 4180 ज्यूल/किलोग्रॅम °C घेतलं तर 0.2 × 4180 × 30 = 25080 ज्यूल. 6000 ला 4.18 ने गुणून बघ, तेवढेच येतात. तू 200 ला थेट 4180 ने गुणलंस. प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहिलं असतंस, तर ग्रॅम आणि किलोग्रॅम समोरासमोर दिसलेच असते.

प्रश्न: घरी हेच करून पाहिलं. स्टीलच्या पातेल्यात थंड पाणी होतं, त्यात गरम ओतलं. थर्मामीटरने 48°C दाखवलं. सूत्र चुकलं का?

सूत्र बरोबरच आहे, पण ते एका गृहीतकावर उभं आहे: उष्णता बाहेर जात नाही आणि भांडंही ती घेत नाही. तुमच्या पातेल्याने ती घेतली. हिशोब मांडू. गरम पाण्याने 200 × 32 = 6400 कॅलरी गमावल्या, थंड पाण्याला 300 × 18 = 5400 मिळाल्या. उरलेल्या 1000 कुठे गेल्या? पातेलं 150 ग्रॅमचं धरलं आणि स्टीलची विशिष्ट उष्माधारकता सुमारे 0.12, तर त्याने 150 × 0.12 × 18 = 324 घेतल्या. बाकीच्या साधारण 676 ओतताना उठलेल्या वाफेत आणि आजूबाजूच्या हवेत गेल्या. ओतण्याच्या अगदी आधी गरम पाण्याचं तापमान मोजलं नसेल, तर काही तिथेही गेल्या असतील.

म्हणून उदाहरणाच्या पहिल्याच ओळीत ‘भांड्याने व हवेने घेतलेली उष्णता नगण्य मानली’ असं लिहावं. गणितात कॅलरीमापीचं वस्तुमान दिलं असेल, तर मात्र भांड्याचं पद डावीकडे किंवा उजवीकडे यायलाच हवं. ते सुरुवातीला कोणत्या पाण्याबरोबर होतं, यावरून बाजू ठरते.