खोचक कमेंटचे उत्तर कोणासाठी लिहायचे?

प्रश्न : मी जनसंज्ञापनाच्या शेवटच्या वर्षाला असून एका जाहिरात संस्थेत इंटर्नशिप करते. पाण्याच्या बाटलीचा विनोदी शॉर्ट आम्ही यूट्यूबवर टाकला. त्यात ‘२४ तास गार’ असे म्हटले आहे. त्याखाली ‘हो, फ्रीजमध्ये ठेवली तर नक्कीच!’ ही कमेंट सगळ्यात वर आली आहे आणि काही जण शिवीगाळही करत आहेत. वरिष्ठ म्हणतात, ‘उत्तर तूच दे, पण कॅम्पेनचा टोन बिघडू देऊ नकोस.’ काय लिहू? आणि पुढे हे काम मला झेपेल का?

उत्तर : लिहायला बसण्यापूर्वी उत्पादन पाहणाऱ्या माणसाला विचारा, की ‘२४ तास’ हा आकडा कोणत्या चाचणीतून आला. समजा, उत्तर असे मिळाले, की बाटली बर्फ घालून काठोकाठ भरली होती, झाकण मधे उघडले नव्हते आणि ती सावलीत ठेवली होती. मग त्या टोमण्यात तथ्य आहे, कारण रोजच्या वापरात झाकण वारंवार उघडले जाते आणि ही अट शॉर्टमध्ये कुठेच सांगितलेली नाही. अशा वेळी तुमच्याकडून विनोदाला विनोद गेला, तर तो अट झाकण्यासाठी केला असेच वाचणाऱ्याला वाटेल.

तुमचे उत्तर त्या टोमणा मारणाऱ्यासाठी नसते. त्याचे मत बहुधा बदलणार नाही. ते असते एक शब्दही न लिहिता कमेंट चाळणाऱ्या आणि बाटली घ्यावी की नाही या विचारात असलेल्या माणसांसाठी. म्हणून मी साधारण असे लिहीन : ‘फ्रीजवाला मुद्दा मान्य, तिथे आमच्या बाटलीचे कौतुक नाही! २४ तासांची चाचणी बर्फ घालून, झाकण न उघडता आणि सावलीत केली होती. वारंवार उघडल्यास पाणी त्याआधीच कोमट होईल. ही अट व्हिडिओत सांगायला हवी होती.’ पहिल्या वाक्यात कॅम्पेनचा खेळकर सूर राहतो, पण थट्टा होते ती स्वतःच्या बाटलीची, विचारणाऱ्याची नव्हे. त्यानंतरची वाक्ये सरळ आहेत, कारण वस्तुस्थिती सांगताना टोन मिरवायचा नसतो.

शॉर्ट एकदा प्रसिद्ध झाल्यावर त्याच दुव्यावर दुसरा व्हिडिओ बदलून टाकता येत नाही. शीर्षक आणि वर्णन मात्र बदलता येते. तेव्हा अट वर्णनात लिहा आणि तोच मजकूर स्वतःची कमेंट म्हणून पिन करा. एका व्हिडिओवर एकच कमेंट पिन होते, त्यामुळे ती जागा सवलतीच्या कोडवर खर्च करू नका. पंधरा जणांनी हाच टोमणा मारला असेल, तर प्रत्येकाखाली तेच उत्तर चिकटवू नका. तसे केले की माणूस बोलतोय असे वाटतच नाही. एकाला नीट उत्तर द्यावे आणि बाकीच्यांसाठी पिन केलेली कमेंट पुरते. त्याने पुन्हा डिवचले आणि त्यात नवा मुद्दा असला, तरच दुसरे उत्तर द्या. प्रत्येक उत्तरागणिक तो धागा लांबतो आणि अधिक लोकांच्या नजरेत भरतो.

शिवीगाळीला उत्तर देऊ नका. ठरावीक शब्द असलेल्या कमेंट तपासणीसाठी रोखून धरण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, आणि एखाद्याला चॅनलवरून लपवले तर त्याच्या कमेंट इतरांना दिसत नाहीत. मात्र हे हत्यार टीकेवर चालवण्याचा मोह आवरा. ‘दोन महिन्यांत झाकण गळू लागले’ असे चिडून लिहिलेली कमेंट उद्धट असली तरी ती तक्रार आहे. ती काढून टाकलीत तर तिचा स्क्रीनशॉट फिरेल आणि मग गळक्या झाकणापेक्षा तुमची लपवाछपवीच चर्चेत येईल. तिथे विनोद पूर्ण बाजूला ठेवा, दिलगिरी व्यक्त करा, बदलीची पद्धत सांगा आणि पुढचा तपशील ईमेलवर मागवा. झाकण फुटून कोणाला इजा झाल्याचे कोणी लिहिले, तर एक अक्षरही न लिहिता आधी वरिष्ठांना कळवा. तो निर्णय इंटर्नने घ्यायचा नसतो. आणि मित्रमैत्रिणींना ‘मस्त बाटली’ असे लिहायला लावू नका. नव्या खात्यांवरून एकाच तासात आलेली स्तुती कोणाच्याही लक्षात येते, आणि मग खऱ्या ग्राहकाच्या चांगल्या शब्दावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता झेपण्याविषयी. चुरचुरीत उत्तर सुचणे हा या कामाचा लहानसा भाग आहे. रोजचे काम म्हणजे कमेंट वाचून टोमणा, तक्रार आणि शिवीगाळ वेगळी करणे, उत्पादन विभागाकडून अट खोदून काढणे, आणि ‘२४ तास’ हे शब्द पुढच्या शॉर्टमध्ये अटीशिवाय जाऊ नयेत म्हणून वरिष्ठांशी वाद घालणे. यातले शेवटचे करण्याची तुमची तयारी आहे का, ते पाहा. दरम्यान एक तक्ता ठेवा : कमेंट, तिचा प्रकार, तुमचे उत्तर आणि त्यानंतर त्या धाग्यात काय झाले. लोकांची नावे झाकून आणि संस्थेची परवानगी घेऊन तो मुलाखतीला न्या. ‘चिडलेल्या ग्राहकाला तुम्ही काय लिहिले?’ असे विचारले गेले, तर दाखवायला तुमच्या हातात खरे काम असेल.